दुर्घटनेनंतरच्या प्रार्थना सभेचं प्रास्ताविक : पहिली चार मिनिटं कशी बोलावीत

गावात, शाळेत, सोसायटीत किंवा संस्थेत मोठ्या दुर्घटनेनंतर प्रार्थना सभा ठरते, आणि "प्रास्ताविक तुम्ही करा" असा निरोप बहुतेक वेळा आदल्या रात्री येतो. ज्याला हा निरोप येतो तो एरवी स्नेहसंमेलनाचं किंवा सत्कार समारंभाचं निवेदन करणारा असतो. त्याच्या तोंडात बसलेली वाक्यं, म्हणजे "व्यासपीठावरील मान्यवर", "आपण मोठ्या संख्येने उपस्थित राहिलात", "मी सर्वांचं स्वागत करतो", इथे एकही चालत नाही. म्हणून प्रास्ताविक पहिल्यापासून कसं बांधायचं, ते पायरीपायरीने देत आहोत.

उदाहरण इर्शाळवाडीचं घेतलं आहे. रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावरच्या या ठाकर वस्तीवर 19 जुलै 2023 च्या रात्री दरड कोसळली. 23 जुलैला शोधकार्य थांबवलं गेलं, तेव्हा 27 मृतदेह मिळाले होते आणि 57 जण बेपत्ता होते. समजा, दुसऱ्या दिवशी, सोमवारी 24 तारखेला, जवळच्या एखाद्या शाळेच्या सभागृहात प्रार्थना सभा आहे आणि वाडीतली वाचलेली माणसं पुढच्या रांगेत बसणार आहेत. खालचा मसुदा या कल्पित सभेसाठी आहे. हे उदाहरण निवडलं कारण प्रास्ताविकातल्या बहुतेक अडचणी त्यात एकत्र येतात: बेपत्ता माणसं, समोर बसलेली पोरकी मुलं, मदतीला आलेल्यांपैकी एकाचा मृत्यू, आणि सगळ्यांच्या ओठांवर असलेला "हे का झालं" हा प्रश्न.

## हाताशी काय हवं

- नावांची यादी. ती तहसील कार्यालयातून किंवा जिल्हा नियंत्रण कक्षातून घ्यावी आणि नंतर वाडीतल्या दोन जाणत्या माणसांकडून तपासून घ्यावी.
- प्रास्ताविकाच्या दोन प्रती, मोठ्या अक्षरात, कागदाच्या एकाच बाजूला छापलेल्या. एक तुमच्याकडे, दुसरी शेजारी बसलेल्या माणसाकडे.
- स्टँडवरचा माईक, पाण्याचा पेला, आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ.
- दाराशी थांबणारी दोन माणसं, त्यातली एक तरी बाई. कुणी उठून बाहेर गेलं तर सोबत जाणं, एवढंच त्यांचं काम.
- टेलि-मानस या सरकारी मानसिक आधार सेवेचा नंबर 14416 लिहिलेल्या चिठ्ठ्या. त्या सभा संपल्यावर दाराशी द्यायच्या.

सभा उघड्यावर असेल किंवा ध्वनिक्षेपक बाहेर लावायचा असेल, तर पोलीस ठाण्यात आधी अर्ज द्यावा लागतो. दुर्घटनेनंतर त्या भागात जमावबंदी आहे का, तेही तिथेच कळतं.

## 1. लिहायला बसण्याआधी चार गोष्टी ठरवून घ्या

पहिली गोष्ट सभेचं नाव. बेपत्ता माणसं असतील तर फलकावर "श्रद्धांजली सभा" लिहू नका, "प्रार्थना सभा" लिहा. समोर बसलेल्या बाईचा नवरा अजून सापडलेला नसतो. श्रद्धांजली म्हटलं की तिच्या वतीने तुम्ही निकाल लावून टाकता. याच कारणाने बेपत्ता माणसाच्या फोटोला हार घालू नये. फुलं एका ताटात, सगळ्या फोटोंपासून थोडी बाजूला ठेवावीत. नावाआधी "कै." लावू नये. मृतदेह मिळालेल्यांसाठीही "कै." किंवा "मरहूम" असं धर्मानुसार निवडत बसण्यापेक्षा "दिवंगत" हा सगळ्यांना चालणारा शब्द पुरतो.

दुसरी गोष्ट व्यासपीठ. शक्यतो ठेवूच नका. खुर्च्या वर मांडल्या की त्यावर कोण बसणार हा वाद सुरू होतो, आणि मग प्रास्ताविकात त्यांची नावं घेणं ओघानेच येतं. माईक जमिनीवरच ठेवला, तुम्ही कुटुंबांच्या समोर त्यांच्याच पातळीवर उभे राहिलात, तर हा प्रश्न उरत नाही.

तिसरी गोष्ट फलक. पांढरं कापड, त्यावर सभेचं नाव, तारीख, वेळ. कुणाचाही फोटो नाही, "शोकाकुल" म्हणून मंडळाचं नाव नाही. एका मंडळाचं नाव आलं की दुसरं मंडळ आपलं कापड घेऊन येतं.

चौथी गोष्ट सगळ्यात नाजूक. आमदार, सरपंच, पक्षांचे पदाधिकारी, संस्थाचालक येणार असतील तर त्यांना आदल्या दिवशी फोन करून सांगावं की सभेत भाषणं नाहीत, कुणाचंही नाव पुकारलं जाणार नाही, आणि आपण येऊन कुटुंबांजवळ बसावं अशी विनंती आहे. फोन सगळ्या पक्षांच्या लोकांना करावा, एकालाही वगळू नये. आधी सांगितलं तर बहुतेक जण मान्य करतात. ऐनवेळी सांगितलं तर तो अपमान वाटतो, आणि त्याचा राग सभेत निघतो.

## 2. आकडे आणि नावं पक्की करा

दुर्घटनेनंतर आकडा रोज बदलतो. मुंबईत 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आताच्या प्रभादेवी स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, तेव्हाही जखमींपैकी काहींचा नंतर मृत्यू होऊन मृतांचा आकडा 23 वर गेला. म्हणून आकडा घ्यायचा तो प्रशासनाने जाहीर केलेला, आणि सभेच्या दिवशी सकाळी पुन्हा विचारून. व्हॉट्सॲपवर फिरणारी यादी कितीही व्यवस्थित दिसली तरी घेऊ नये. त्यात हमखास एखाद्या वाचलेल्या माणसाचं नाव असतं, आणि तो माणूस सभेत बसलेला असू शकतो.

इर्शाळवाडीसारख्या घटनेत दोन आकडे असतात, आणि ते एकत्र करायचे नाहीत. 27 आणि 57 मिळवून "84 जणांचा मृत्यू" असं प्रास्ताविकात म्हणू नका. बातमीत ते चालत असेल. सभेत ज्या घरात अंत्यसंस्कार झाले आणि ज्या घरात झालेच नाहीत, ती दोन्ही घरं एकाच सतरंजीवर बसलेली असतात, आणि त्यांचं दुःख एकाच जागी उभं नसतं.

नावं प्रास्ताविक करणाऱ्याने वाचू नयेत. त्यासाठी वाडीतल्या लोकांना ओळखणारा माणूस घ्यावा. आश्रमशाळेतले गुरुजी, आशाताई किंवा अंगणवाडीच्या बाई चालतील. त्यांना उच्चार माहीत असतात. कागदावरचं नाव आणि वाडीत हाक मारायचं नाव बऱ्याचदा वेगळं असतं, आणि कोणतं वाचायचं ते घरच्यांनाच विचारावं. क्रम घराप्रमाणे ठेवावा. अकारविल्हे यादीत एका घरातली माणसं विखुरतात आणि त्या घरच्यांना दर थोड्या वेळाने पुन्हा धक्का बसतो. घराप्रमाणे वाचलं तर एका घराची नावं एकदम होतात आणि शेजारी बसलेल्याला हात धरायला वेळ मिळतो. वयं वाचू नयेत. "वय 2 वर्षे" हे शब्द माईकवरून आले की सभा तिथेच कोलमडते.

## 3. काय म्हणायचं नाही ते आधी ठरवा

मसुदा लिहिण्याआधी ही वाक्यं बाजूला काढून ठेवा, कारण ती आपोआप हातातून उतरतात.

"काळाने घाला घातला", "नियतीच्या मनात काही वेगळंच होतं", "काळरात्र". ही वर्तमानपत्राची भाषा आहे. ज्याने ती रात्र पाहिली आहे त्याला ती पोचत नाही.

"देवाची इच्छा", "चांगली माणसं देवालाही आवडतात". ज्या आईचं मूल गेलं तिला हे दिलासा वाटत नाही, तिच्या देवावरचा रागच वाढतो.

"निदान तुम्ही तरी वाचलात", "मुलं आश्रमशाळेत होती म्हणून नशिबाने वाचली". इर्शाळवाडीतली काही मुलं खरोखरच निवासी आश्रमशाळेत असल्यामुळे वाचली. त्यातल्या काहींचे आईवडील गेले. त्यांना सगळ्यांसमोर नशीबवान म्हणणं फार क्रूर होतं, आणि म्हणणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही.

"आमचे आदिवासी बांधव". "आमचे" म्हणता म्हणता बोलणारा वेगळा आणि ते वेगळे होतात. वाडीचं नाव घ्यावं.

"तुमचं दुःख आम्ही समजू शकतो". समजू शकत नाही, आणि समोरच्याला ते ठाऊक असतं.

शिवाय ढिगारा, गाडले गेले, चिखलाखाली, किंकाळ्या हे शब्द नकोत. काय झालं ते एकाच वाक्यात, "दरड कोसळली" एवढ्यावर थांबवावं. समोर मुलं असतात, आणि दृश्य उभं करणारा एक शब्द त्यांना पुन्हा त्या रात्रीत नेतो.

सुरुवात "बंधू आणि भगिनींनो" अशी नको, ती प्रचारसभेची हाक आहे. शेवट "जय हिंद", "जय महाराष्ट्र", "जय शिवराय", "जय भीम", "जय आदिवासी" यांपैकी कशानेही करू नये. यातल्या प्रत्येकामागे श्रद्धा आहे, पण सभेत एक घोषणा झाली की तिला दुसऱ्या कोपऱ्यातून उत्तर येतं.

## 4. राजकारण बाहेर ठेवायचं म्हणजे नेमकं काय

इथे दोन्ही बाजूंना चूक होते. सरकारवर टीका झाली की ते राजकारण, हे सगळ्यांना कळतं. पण "प्रशासनाने तातडीने यंत्रणा कामाला लावली", "साहेब स्वतः पावसात डोंगर चढून गेले", हेही तितकंच राजकारण आहे. प्रास्ताविकात दोन्ही नको. नुकसानभरपाईची रक्कम नको, पुनर्वसनाची मागणी नको आणि पुनर्वसनाची घोषणाही नको. दरड का कोसळली, वस्ती आधी का हलवली गेली नाही, हेही नको.

मात्र लोकांच्या मनात प्रश्न आहेत हे लपवू नका. "ही वेळ प्रश्न विचारण्याची नाही" हे वाक्य फार वापरलं जातं आणि ते ऐकून कुटुंबं चिडतात. ते रास्तही आहे, कारण त्यांना गप्प बसवल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा प्रश्न मान्य करावेत आणि हा वेळ कशासाठी आहे ते सांगावं: "आपल्या सगळ्यांच्या मनात प्रश्न आहेत. ते खरे आहेत आणि ते विचारले जातील. हा अर्धा तास आपण आपल्या माणसांसाठी ठेवला आहे." या तीन वाक्यांत कुणाची बाजू घेतली जात नाही आणि कुणाचं तोंडही बंद होत नाही. "पण" हा शब्द मध्ये घालू नका. "प्रश्न आहेत, पण..." म्हटलं की आधीचं मान्य केलेलं सगळं पुसलं जातं.

मदतीला आलेल्यांचा उल्लेख करावा, कामाच्या नावाने करावा, पदाच्या नाही. आणि कोण राहून गेलं ते तपासावं. इर्शाळवाडीला मदतीसाठी डोंगर चढताना अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. ते वाडीचे नव्हते, म्हणून वाडीच्या यादीवरून लिहिलेल्या प्रास्ताविकात ते सुटण्याची शक्यता मोठी असते.

## 5. मसुदा

सावकाश, थांबत बोललं तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. चार मिनिटं मिळाली तर थांबे धरून अडीचशे ते तीनशे शब्द लिहावेत. त्याहून जास्त लिहिलं की बोलणारा वेग वाढवतो. वाचायच्या कागदावर आकडे अक्षरात लिहावेत, कारण ताण आला की डोळा अंकावर अडखळतो. खालची तिरकी रेघ म्हणजे श्वास घेऊन थांबायची जागा.

> इर्शाळवाडीतून आलेल्या मावश्यांनो, काकांनो, दादांनो, ताईंनो, आणि मुलांनो. /
>
> आज आपण इर्शाळवाडीच्या माणसांसाठी एकत्र बसलो आहोत. बुधवारी रात्री वाडीवर दरड कोसळली. सत्तावीस जणांना आपण निरोप दिला. / सत्तावन्न जणांचा शोध लागलेला नाही, आणि काल शोध थांबला. /
>
> तुम्हाला काय वाटत असेल ते आम्हाला कळतं, असं आम्ही म्हणणार नाही. तुमचं माणूस आम्हाला परत आणता येत नाही. तुमच्याजवळ बसता येतं, म्हणून आम्ही आलो आहोत. / रडू आलं तर रडा. बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नका. मध्येच उठून बाहेर जावंसं वाटलं तर जा. दाराशी आपल्या ताई आहेत, त्या सोबत येतील. /
>
> ज्यांना निरोप देता आला, त्यांच्यासाठी आजची प्रार्थना आहे. ज्यांचा शोध लागला नाही, त्यांच्यासाठीही आहे. सगळ्यांची नावं आपण घेणार आहोत, वाडीत जशी घरं होती त्या क्रमाने. /
>
> त्या रात्रीपासून आसपासच्या गावांतली माणसं, डोंगरात फिरणारी पोरं, एनडीआरएफचे जवान, अग्निशमन दलाची, पोलिसांची, दवाखान्यातली माणसं पावसात पायवाटेने वर चढून मदतीला आली. वर चढताना अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्यांचा जीव गेला. आज त्यांचं घरही आपण आपल्यात धरतो. /
>
> आपल्या सगळ्यांच्या मनात प्रश्न आहेत. ते खरे आहेत आणि ते विचारले जातील. हा अर्धा तास आपण आपल्या माणसांसाठी ठेवला आहे. /
>
> आता आधी नावं वाचली जातील. त्यानंतर दोन मिनिटं आपण शांत राहू. मग प्रार्थना होईल. आज भाषणं नाहीत. प्रार्थना झाल्यावर बाहेर चहा आहे. थोडा वेळ थांबा, एकमेकांना भेटा. /
>
> गुरुजी, आता तुम्ही नावं वाचावीत.

यातल्या दोनतीन ठिकाणांबद्दल थोडं जास्त सांगायला हवं.

पहिली हाक कुटुंबांना आहे, बाकी कुणालाच नाही. सभागृहात दोनशे माणसं असली तरी बोलणं पुढच्या रांगेशी चाललं आहे, हे पहिल्या वाक्यात ठरतं. मागे बसलेले आपोआप ऐकणारे होतात. वाडीतल्या बायका-माणसांना ज्या नात्याने आपण एरवी हाक मारतो तीच हाक इथे मारायची. शहरातल्या सभेत "मावश्यांनो" अवघड वाटत असेल तर "अमुक ठिकाणाहून आलेल्या आमच्या सगळ्या माणसांनो" म्हणावं.

"शोध लागलेला नाही" या शब्दांवर ठाम राहा. "अजून शोध सुरू आहे" हे 24 तारखेला खोटं ठरलं असतं, आणि "ते आता आपल्यात नाहीत" हे म्हणायचा अधिकार घरच्यांचा आहे. "आशा सोडू नका" असंही म्हणू नका. तो दिलासा दोन दिवस टिकतो आणि नंतर बोलणाऱ्यावरच उलटतो.

पुढे काय होणार ते सांगणारा परिच्छेद कोरडा वाटतो म्हणून लोक तो गाळतात. गाळू नका. दुःखातल्या माणसाला आपल्याला कधी उभं राहावं लागणार, बोलायला लावणार का, किती वेळ बसायचं, हे माहीत नसलं की तो सगळा वेळ दबून बसतो. "आज भाषणं नाहीत" हे ऐकल्यावर पुढची रांग सैलावते.

मसुदा तयार झाला की वाडीतल्या एका माणसाला वाचून दाखवा. त्याला खटकेल तो शब्द कारण न विचारता काढा. "दिवंगत आत्म्यांस सद्गती लाभो" यासारखं जड वाक्य अशाच वाचनात गळून पडतं.

## 6. मौन नीट पाळा

दोन मिनिटं मौन जाहीर होतं आणि प्रत्यक्षात पाऊण मिनिटात संपतं, कारण ते संपवणाऱ्यालाच शांतता सहन होत नाही. घड्याळ दुसऱ्या माणसाच्या हातात द्या. त्याने 120 सेकंद झाल्यावर तुमच्या हाताला स्पर्श करायचा, तोवर तुम्ही डोळे मिटून उभे राहायचं. लहान मुलं बरीच असतील तर एकच मिनिट जाहीर करा आणि पूर्ण एक मिनिट पाळा.

जाहीर करताना "सर्वांनी जागेवर उभे राहावे" असा आदेश देऊ नका. समोर जखमी, म्हातारी माणसं असतात. "ज्यांना जमेल त्यांनी उभं राहावं, बाकीच्यांनी बसूनच शांत राहावं" असं म्हणा. मोबाईल बंद करायची सूचना प्रास्ताविकाच्याही आधी, लोक बसत असताना द्यावी. मौनाच्या तोंडावर दिली तर अर्धी सभा खिसे चाचपडत राहते.

मौनात कुणी हुंदके देऊन रडलं तर ते चालू द्यावं. स्वयंसेवकाने धावत जाऊन पाणी पुढे करू नये. शेजारचा माणूस काय ते बघतो. मौन संपलं की "धन्यवाद" म्हणू नका, "बसूया" म्हणा आणि प्रार्थना म्हणणाऱ्याकडे हात करा.

प्रार्थना कोणती, हे कुटुंबांना विचारून ठरवावं. वाडीचे देव, वाडीची रीत वेगळी असते, आणि शहरातून आलेले आयोजक आपल्या सवयीची प्रार्थना लावून मोकळे होतात. मृतांमध्ये वेगवेगळ्या धर्मांची माणसं असतील तर प्रत्येक रीतीच्या एका माणसाने एकएक मिनिट प्रार्थना म्हणावी. क्रम आधी ठरवून कागदावर लिहून ठेवावा.

## 7. ऐनवेळी बिघडतं ते

पाऊस. जुलैतली सभा, वर पत्रे. जोराची सर आली की माईक असूनही काही ऐकू येत नाही. ओरडून वाचू नका. सर ओसरायची वाट पाहा. ओसरत नसेल तर पाच वाक्यांचा मसुदा आधीच कागदाच्या तळाशी लिहून ठेवलेला असावा: कुणासाठी जमलो, किती जणांना निरोप दिला आणि किती जणांचा शोध नाही, आम्ही तुमच्याजवळ बसायला आलो आहोत, आधी नावं मग मौन मग प्रार्थना, भाषणं नाहीत.

कुणीतरी रागाने उठतं. घरातला एखादा तरुण ओरडतो, "आधी सांगा, आमची माणसं कुठंयत?" स्वयंसेवक त्याला धरून बाहेर नेऊ लागतात. ते होऊ देऊ नका. बोलणं थांबवा, माईक बाजूला करा, त्याच्याकडे बघा आणि म्हणा, "बोल दादा, आम्ही ऐकतोय." बहुतेक वेळा मिनिटभरात आवाज खाली येतो आणि जवळचं कुणी त्याला बसवतं. त्याला उत्तर देऊ नका, त्याच्या म्हणण्यावर मत देऊ नका. "तुझं ऐकलं" एवढं म्हणून ज्या वाक्यावर थांबला होतात तिथून पुढे जा. घोषणा देणारा कुटुंबातला नसून बाहेरचा असेल, तर उरलेलं प्रास्ताविक सोडून द्या आणि थेट नावं वाचायला सांगा. मेलेल्या माणसांची नावं सुरू झाली की घोषणेला साथ मिळत नाही.

पाहुणे उशिरा येतात. दारात गर्दी होते, कॅमेरे वळतात. वाचन थांबवू नका, स्वागताचा शब्द काढू नका. दाराशी नेमलेल्या माणसाने त्यांना कुटुंबांमागच्या रांगेत बसवावं. पाहुणे माईककडे येऊ लागले तर ठरलेल्या ज्येष्ठ माणसाने पुढे होऊन हात जोडून सांगावं, "आज कुणीच बोलत नाही, आपण यांच्याजवळ बसावं."

तुमचाच आवाज भरून येतो. थांबा, घोटभर पाणी घ्या, पुन्हा सुरू करा. माफी मागू नका. पुन्हा आवाज फुटत नसेल तर शेजारच्याने त्याच्या प्रतीवरून पुढचं वाक्य वाचायचं. म्हणूनच दोन प्रती हव्यात, आणि दोघांनी एकदा एकत्र मोठ्याने वाचून पाहिलेलं हवं.

नाव चुकतं किंवा राहतं. घरचं कुणी तिथेच सांगतं. वाद नको, "अजून एक नाव आहे" म्हणून ते नाव स्वच्छ उच्चारात पुन्हा घ्यावं. सभेनंतर यादीत दुरुस्ती करून ती तहसील कार्यालयातही कळवावी, कारण सुटलेलं नाव तिथल्या यादीतूनही सुटलेलं असू शकतं.

## 8. घटना वेगळी असेल तर

चेंगराचेंगरी, पूल कोसळणं, रेल्वे किंवा बस अपघात अशा घटनांत मेलेली माणसं एकमेकांना ओळखत नसतात. तिथे "आपलं गाव", "आपली वाडी" ही हाक चालत नाही. प्रभादेवीच्या पुलावर त्या सकाळी कामाला निघालेली माणसं होती, घरं मुंबईभर आणि बाहेरही पसरलेली. अशा सभेत कुटुंबंही एकमेकांना अनोळखी असतात, म्हणून प्रास्ताविकात "आज इथे बसलेल्या सगळ्या घरांवर एकाच सकाळी ही वेळ आली" असं एक वाक्य घालावं आणि चहाच्या वेळी कुटुंबांसाठी वेगळी खोली ठेवावी. नावं तिथे घराप्रमाणे लावता येत नाहीत. अकारविल्हे लावावीत, मात्र एका घरातली दोन माणसं असतील तर ती सोबत वाचावीत. कुटुंबांच्या भाषा वेगळ्या असतील तर प्रास्ताविकाची पहिली दोन वाक्यं आणि "आज भाषणं नाहीत" ही सूचना हिंदीतही सांगावी.

आग किंवा स्फोटानंतर जखमी अजून रुग्णालयात असतात. त्यांच्यासाठी वेगळं वाक्य हवं, आणि ते मृतांच्या आधी यावं, कारण त्यांचे नातेवाईक कान टवकारून बसलेले असतात. "अकरा जण उपचार घेत आहेत, त्यांची नावं आज आपण वाचणार नाही, त्यांच्यासाठी प्रार्थना करू" असं स्पष्ट सांगावं. नावांच्या यादीत आपल्या माणसाचं नाव येतं की काय, या धास्तीत त्यांनी बसून राहू नये. सभेआधी एक तास रुग्णालयात फोन करून प्रकृतीची चौकशी करावी आणि कागदावरचा आकडा तेव्हाच, पेनने, भरावा.